डाव्या बाकाचा जवाब

तुमच्या कचेरीत, शाळेत, गल्लीत असं कोण आहे, ज्याच्या नमस्काराला तुम्ही नुसती मान हलवून पुढे जाता?

प्रश्न ऐकून राग आला असेल तर येऊ द्या. मला हा प्रश्न ज्यांनी शिकवला, त्यांच्यावरही लोक रागावायचेच. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाट्यांवरचा रंग ओला होता आणि विहिरी कोरड्या होत्या. नव्या जिल्ह्यात नवं कॉलेज निघालं. मी नांदेडहून तिथे राज्यशास्त्र शिकवायला आले, पिशवीत दोन साड्या आणि पत्रकांचा गठ्ठा घेऊन. वडील सभांमध्ये पत्रकं वाटायचे. मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर.

पहिल्या दिवशी स्टाफरूमच्या दारात उभी राहून मी मोठ्याने म्हणाले, "जय भीम."

कुणी वर्तमानपत्र चाळलं. कुणी "हां, हां, या" केलं. कोपऱ्यातून एक उंच, वाळके गृहस्थ उठले. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, म्हणजे करडी, आणि टिपूस पडत नसताना काखेत छत्री. पायातली चप्पल नीट करून ते सरळ उभे राहिले आणि स्पष्ट म्हणाले, "जय भीम, बाई. बसा." मग माझ्याकडे बघतच राहिले. मला कळेना.

"आता मी म्हनतो. शरणार्थ."

"शरणार्थ," मी त्यांचा लिंगायत नमस्कार परत केला.

"आता हिशोब मिटला," म्हणत ते खाली बसले.

ते आमचे फारसी सर. फारसी शिकायला अख्ख्या जिल्ह्यात एक विद्यार्थी नव्हता, म्हणून ते मराठी शिकवत, आणि उरलेल्या वेळात खेड्यापाड्यांतून येणाऱ्यांना निजामाच्या काळचे जमिनीचे कागद फुकट वाचून दाखवत. पण त्यांचं खरं काम एकच होतं, जवाब वसूल करणं. गेटवरच्या शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कुणीही असो, सरांनी अभिवादन केलं की माणसानं परत केलंच पाहिजे. नाही केलं तर सर समोर उभे. वर्ग सुरू होवो, घंटा होवो. "जवाब बाकी हाय तुमचा," एवढंच म्हणायचे. एकदा आमदार आले, हात न जोडताच पुढे गेले. सर त्यांच्या जीपपुढे छत्री टेकवून उभे राहिले. आमदारांनी शेवटी जीपमधून उतरून रामराम केला, तेव्हा सर बाजूला झाले. त्या दिवशी मी ठरवलं, हा माणूस माझ्या बाजूचा आहे, त्याला माहीत असो वा नसो. वरचा माणूस खालच्याला जवाब देत नाही, सगळी विषमता तिथूनच सुरू होते, हे मी चार पानी पत्रकात मांडलं असतं. सर ते रोज कॉरिडॉरमध्ये मांडत होते.

मी एकदा विचारलं, "सर, हे वेड कुठून आलं?"

"बाकावरून," ते म्हणाले.

सर कंधारचे. शाळेसाठी नांदेडला राहिले. तिथे फारसी शिकवणारे उस्ताद होते. ते दर वर्षी नौरोजला, म्हणजे इराणी नव्या वर्षाला, वर्गाचे दोन भाग करत. उजव्या बाकांनी शुभेच्छा म्हणायची, "ईद-ए शुमा मुबारक." डाव्या बाकांनी जवाब द्यायचा, "ईद-ए शुमा हम मुबारक. सद साल बे ईन सालहा." तुमचाही सण मंगल होवो, अशी वर्षं शंभर येवोत. सर उजव्या बाकावर. शाळा सुटली तरी ही पोरं वर्षातून एकदा गोदावरीच्या घाटावर जमून आपापल्या बाजूनं म्हणायची. मग पोलीस ॲक्शन झाली. कुणी हैदराबादला गेलं, कुणी त्याहून लांब.

"डावा बाक समदा गेला," सर म्हणाले. "तवापासून मी म्हनतो अन् कुनी जवाब देत न्हाई. तेवढा एक बाकी ऱ्हायला, बाई. या वर्षी रिटायर व्हायच्या आधी मिळाला तर मिळाला."

म्हणून रसायनशास्त्र शिकवायला बहमन आला, तेव्हा सरांचं काय झालं असेल बघा. बहमन पंचविशीतला, खरा इराणी. हैदराबादेत शिकला. त्याच्या देशात लढाई पेटलेली, घरी परतणं अवघड, म्हणून मिळेल ती नोकरी धरून आमच्याकडे आलेला. हिंदी बोलायचा ती चारमिनारची. त्याचं नाव ऐकून आमचे शिपाई गफूरमामा हसले होते. "बहमन? हमारे दादा के कागजां में ये महिने का नाम है जी." खरंच होतं ते. निजामाच्या फसली, म्हणजे महसुली सालात महिने इराणी नावांचे होते. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी. आमच्या कुठल्याही जुन्या सातबारा-खासऱ्यावर दिसतील.

आणि इथेच सर फसले. नौरोज म्हणजे फरवर्दीची पहिली तारीख, हे त्यांना पाठ. आमच्या फसली सालात ती येते फेब्रुवारीच्या सुरुवातीला. आंब्याला मोहोर, वसंतपंचमी जवळ. वसंताचा सण तर मग हाच. उस्तादांचा वर्गही याच तारखेला भरत आलेला. सर त्या सकाळी धुतलेलं धोतर नेसून, हातात झेंडूचं फूल घेऊन प्रयोगशाळेच्या दारात गेले. मी मागे होते. हा क्षण मला चुकवायचा नव्हता.

"ईद-ए शुमा मुबारक," सर म्हणाले.

बहमननं परीक्षानळी खाली ठेवली. "सर, कायकी ईद?"

"नौरोज. फरवर्दीची पैली."

"फरवर्दीन?" तो गोंधळला. "फरवर्दीन को तो डेढ महिना है, उस्ताद. अब्बी बहमन चल रहा. मेरा महिना."

"बहमन?" सर म्हणाले. "बहमन तर कापूस वेचायच्या दिसांत गेला की."

एकच नाव, दोन राज्यांच्या दोन पंचांगांत दोन ठिकाणी बसलेलं. निजामाच्या दप्तरानं वर्ष आपल्या सोयीनं ऑक्टोबरात सुरू केलं आणि इराणी महिन्यांना सरकवून टाकलं. उस्ताद, त्यांचा वर्ग, उजवे-डावे बाक, सगळे दीड महिना आधीच नौरोज साजरा करत आलेले. बहमनला हसू आलं नाही. त्यानं फूल घेतलं, "शुक्रिया" म्हणाला, आणि नळीकडे वळला. जवाब दिला नाही. सण नसताना सणाचा जवाब कसा द्यायचा, हे त्याचं बरोबर होतं.

सर त्या दिवशी कुणाकडूनच जवाब वसूल करायला उठले नाहीत. गफूरमामांनी सलाम केला, तरी त्यांनी नुसती मान हलवली. गफूरमामा माझ्याकडे आले. "बाई, सरकू बुखार है क्या?"

मी बहमनला गाठलं. म्हणाले, "दीड महिन्यानं तर देशील ना जवाब?"

तो म्हणाला, "मैं इस साल नौरोज नक्को करूं बोलके सोच्या. वो घर का सण है. मेरे कने कमरा है, घर किधर है? घर से खबर नहीं आई. सब्जे उगाना पडता, पानी किधर है?"

सब्जे म्हणजे काय, हे त्यानं मग सांगितलं. नौरोजच्या साधारण पंधरा दिवस आधी गहू भिजवायचे, मोड आले की ताटात पसरायचे, वर ओलं फडकं, रोज पाण्याचा शिपका. सणापर्यंत वीतभर हिरवं गवत उभं राहतं. ते मध्ये ठेवून भोवती 'स' अक्षराच्या सात वस्तू मांडायच्या, हफ्त-सीन. ते ताट नसेल तर नौरोज नाही.

सरांना मी हे सांगितलं आणि ते खुर्चीतून उठलेच. "ताट इथं मांडू. स्टाफरूममंदी."

आता मला बोलावंच लागलं. मी पाणी समितीचं काम करत होते. वस्तीत टँकर येई तेव्हा हंड्यांवर हंडे आदळत. "सर, बायका घागरीसाठी भांडतायत आणि आपण ताटातल्या गव्हाला पाणी घालायचं? मी याच्याविरुद्ध पत्रक काढीन."

"काढा," सर म्हणाले. "पर आधी ऐका. तुमी पेल्यात पानी घेता ना? शेवटचा घोट टाकता का न्हाई?"

"टाकते."

"समदेच टाकतात. तेवढं द्या."

असा तो नियम ठरला. रांजणातून एक थेंबही घ्यायचा नाही. प्रत्येकानं पेल्यात उरलेला घोट ताटात ओतायचा. इतिहासाचे सर, भारी सोवळे, ते आडवे आले. "उष्टं पाणी? सगळ्यांचं? अन् पूजेच्या ताटाला?"

"गव्हाला इचारा," फारसी सर म्हणाले, "कुनाचा घोट लागतो त्याला अन् कुनाचा नको. मला सांगितलं तर तसं करतो."

मी माझा पेला ताटावर उपडा केला. मग गफूरमामांनी केला. मग सरांनी. माझं, गफूरमामांचं, विभूती लावलेल्या लिंगायत मास्तरांचं उष्टं पाणी एका फडक्यातून एकाच गव्हात झिरपत होतं, आणि मी पत्रक मथळ्यासकट विसरले. तीन दिवसांनी मोड फुटले. पाचव्या दिवशी इतिहासाचे सर कुणी बघत नाही असं बघून आपला पेला रिकामा करताना मला दिसले. बहमन रोज येऊन फडकं बोटानं चाचपायचा, आणि त्याचा चेहरा गव्हाबरोबर हिरवा होत गेला.

बाकीच्या वस्तू जमवण्यात सर पोर झाले. सीर म्हणजे लसूण, तो गंजगोलाईच्या बाजारात मिळाला. सीब म्हणजे सफरचंद, ते नांदेडच्या फळवाल्याकडून एकच आणलं, बसमध्ये मांडीवर धरून. सिरका म्हणजे व्हिनेगर, तो किराणा दुकानात. सिक्का सरांकडे होता, निजामाचा, चारमिनारची छाप असलेला. समनू हा मोड आलेल्या गव्हाचा दाट गोड पदार्थ. सरांच्या घरच्या काकू म्हणाल्या, "म्हंजे हुग्गीच की." हुग्गी ही त्यांच्या घरची गव्हाची खीर. बहमन म्हणाला, समनूत गूळ-साखर नसते, गोडवा मोडांतूनच येतो. काकूंनी तोंड वाकडं केलं, आणि तशीच, बिनगुळाची, अर्धा दिवस ढवळत शिजवली. संजद नावाचं सुकं फळ आमच्याकडे कुठून येणार? सरांनी औशाच्या बाजारातली वाळलेली बोरं समोर ठेवली. बहमननं एक चावून बघितलं. "भाई है संजद का. चलता."

"अन् साखर?" सर म्हणाले. "साखर बी स वरूनच."

"उस्ताद, फारसी में शकर बोलते. श है. नक्को."

ताटाशी आरसाही लागतो, तो गफूरमामांच्या दाढीचा. रंगवलेली अंडी हवीत म्हटल्यावर आम्ही सरांकडे बघितलं. "ठिवा," ते म्हणाले, "काकूला सांगू नगा." एक मानाचं पुस्तकही ठेवतात, घरात ज्याचा मान असेल ते. मी संविधान ठेवलं. कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी सांगायला तयार होते.

नौरोज रात्री बाराला लागत नाही, हेही मला तेव्हाच कळलं. दिवस आणि रात्र समान होतात, सूर्य विषुववृत्त ओलांडतो, त्या क्षणी वर्ष उलटतं. तो क्षण दर वर्षी वेगळा. कधी पहाटे, कधी भर दुपारी. अख्खा देश ताटाभोवती बसून त्या क्षणाची वाट बघतो, आणि रेडिओवर तोफ वाजते. त्या वर्षी आमच्या घड्याळात तो पडत होता दुपारी चारच्या जरा आधी. तेहरानच्या आपण दोन तास पुढे. बहमननं ट्रान्झिस्टरला तांब्याची तार बांधून ती प्रयोगशाळेच्या खिडकीतून कडुलिंबावर टाकली होती.

आम्ही टेबलाभोवती बसलो. इतिहासाचे सर "मी नुसता बघायला" म्हणून आले आणि सगळ्यांत पुढची खुर्ची घेतली. ट्रान्झिस्टरमधून खरखर, मध्येच एखादा फारसी शब्द, परत खरखर. सर ताठ बसलेले, छत्री दोन गुडघ्यांच्या मध्ये. मी बघत होते, ते ओठांतल्या ओठांत म्हणत होते, ईद-ए शुमा, ईद-ए शुमा. उजवा बाक तयारी करत होता.

"सर," मी कानात म्हणाले, "तोफ झाली की लगेच म्हणा."

"नक्को," बहमन म्हणाला. त्यानं ऐकलं होतं. "उस्ताद पहले नहीं बोलते."

"का?" सरांचा चेहरा पडला.

"हमारे पास छोटा पहले बोलता. छोटा बडे के पास जाता. बडा जवाब देता, फिर ईदी देता. फिर बडा छोटे के घर पे आता, तेरा दिन के अंदर. उलटा नक्को. इसलिए मैं फेब्रुवारी में भी घबरा गया. आप बडे होके पहले बोल दिये."

सर काही बोलणार, इतक्यात खरखरीतून धडाम् झालं. लांबून, तारेतून, कडुलिंबावरून उतरत तोफ आमच्या टेबलावर वाजली. मागोमाग सनईसारखं काहीतरी आणि नगारा. गफूरमामा उभे राहिले. मीही राहिले.

बहमन सरांसमोर गेला, छातीवर हात ठेवून वाकला. "ईद-ए शुमा मुबारक, उस्ताद."

आणि सर गप्प.

ज्या माणसानं आमदाराची जीप अडवली, जो जवाबासाठी घंटा होऊन गेली तरी हटायचा नाही, तो आता गप्प उभा होता. मग मला कळलं. सगळा जन्म त्यांनी उजव्या बाकावरून म्हटलं होतं. डावा बाक कानानं पाठ होता, तोंडानं कधीच नाही. ते जवाब मागत आले आणि आज जवाब द्यायची पाळी त्यांची होती. बहमन तसाच वाकून थांबला. त्याला घर नव्हतं, खबर नव्हती, आणि तो आपला सण या माणसाच्या हातात ठेवून उभा होता.

गफूरमामा हळूच म्हणाले, "सर. जवाब बाकी है आपका."

सरांनी छत्री टेबलाला टेकवली. एक पाऊल डावीकडे सरकले. मी शपथेवर सांगते, एक पाऊल डावीकडे.

"ईद-ए शुमा हम मुबारक," ते म्हणाले. "सद साल बे ईन सालहा." श्वास घेतला. "बहारे खूबी दाश्ते बाशीद." तुमचा वसंत चांगला जावो. मग त्या जवाबात उस्तादांनी कधी न शिकवलेलं आमच्या मातीतलं घातलं, "अन् आडाला पानी लागो."

बहमननं त्यांच्या दोन्ही गालांना गाल लावले. सरांची विभूती त्याच्या कपाळाच्या कडेला उमटली. सरांनी ताटातला निजामाचा सिक्का उचलून त्याच्या हातात ठेवला, ती ईदी. बहमननं माझ्याकडे वळून पुन्हा छातीवर हात ठेवला. मी डावा बाक त्याच क्षणी शिकले होते. मी म्हणाले, गफूरमामा म्हणाले, आणि इतिहासाचे सर उच्चारात तीन चुका करून पण खणखणीत म्हणाले.

तेराव्या दिवशी घराबाहेर पडायचं असतं. घरात थांबलं तर वर्षाची पीडा घरात राहते, म्हणून सगळे शेतात, नदीकाठी जातात, सब्जे वाहत्या पाण्यात सोडतात. त्या वर्षी तोच दिवस गुढीपाडव्याचा आला. सर कडुलिंबाचा पाला चावतच बहमनच्या खोलीवर गेले, परतभेटीला, हातात पुरणपोळी. घरमालकाला तिथेच रामराम घातला आणि जवाब मिळेपर्यंत हलले नाहीत. म्हणजे प्रकृती सुधारली होती.

पण वाहतं पाणी कुठून आणायचं? मांजरेत वाळू. बहमन ताट घेऊन नदीच्या कडेला उभा राहिला. तिथे जवळच जनावरांची छावणी होती, कडबा खाऊन खाऊन हाडं निघालेली गुरं.

"पाण्यात कशाला सोडतेत ते?" सरांनी विचारलं.

"वापस घर नक्को आना, इस वास्ते. आगे जाना."

"मग फुडं जाऊ द्या की," म्हणत सरांनी छावणीकडे बोट केलं.

सोडायच्या आधी तरुणांनी पात्यांना गाठ मारून मनात इच्छा धरायची असते. बहमननं मारली, मीही मारली. मग ताट एका तांबड्या गाईपुढे धरलं. तिनं आधी हुंगलं, तिला विश्वास बसेना. कित्येक महिन्यांत तिनं हिरवं पाहिलं नव्हतं. मग आमच्या सगळ्यांचे उष्टे घोट पिऊन वाढलेलं ते गवत तिनं गाठींसकट खाल्लं, आणि ताट चाटून पुसलं. सर हसत होते. त्यांना मोठ्याने हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

त्या महिन्याअखेर ते रिटायर होऊन कंधारला गेले. पुढे बहमनच्या घरची खबर आली आणि तोही गेला. सर आता नाहीत. मार्चात दिवस-रात्र समान होतात तेव्हा मी अजून गहू भिजवते आणि पेल्यातला शेवटचा घोट त्यात ओतते.

माझी मागणी साधी आहे. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि उठा. सुरुवातीला विचारलं तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे एक माणूस आला होता. आलाच होता, नाकारू नका. तो ज्या शब्दांनी अभिवादन करतो, सलाम असो, जय भीम असो, शरणार्थ असो, नौरोज असो, त्याचा जवाब काय असतो ते त्यालाच विचारून घ्या. मग उद्या त्यानं म्हटलं की खुर्ची सोडा, उभे राहा, एक पाऊल डावीकडे सरका, आणि तो जवाब पुरा द्या. बाकी ठेवू नका.